जुना म्हणून घेतलेला ग्रामोफोन नवा निघाला: पैसे परत मागणाऱ्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांच्या माघारी नाट्यसंगीताच्या साठ-सत्तर तबकड्या माझ्याकडे आल्या. त्या त्यांच्याच काळातल्या यंत्रावर ऐकाव्यात म्हणून मी भोंग्याचा एक ग्रामोफोन विकत घेतला. १९१२ सालचा म्हणून घेतलेलं ते यंत्र आत्ताच कुठल्या तरी कारखान्यात जुळवलेलं निघालं. दुकानदाराला पत्र लिहिलं आणि पैसे परत मिळाले. तेव्हापासून ते पत्र मागायला बरेच जण येतात, आणि पत्राबरोबर तेच ते प्रश्नही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पत्राचा मजकूरही खाली आहे, पण तो उतरवून घेण्याआधी त्याच्या वरची उत्तरं वाचा. पत्रातलं प्रत्येक वाक्य काही कारणाने तिथे आहे.

प्रकरण नेमकं काय होतं?

९ फेब्रुवारी २०२५ला मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी ग्रामोफोन घेतला. अष्टकोनी लाकडी पेटी, वर चकचकीत पितळी भोंगा, पेटीच्या दर्शनी बाजूला कुत्र्याचं चित्र असलेली पट्टी. किंमत ४२,००० रुपये. बिलावर दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘एचएमव्ही ग्रामोफोन, ओरिजिनल, १९१२, चालू स्थितीत.’ त्याआधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना त्यांनी ‘ब्रिटिश काळातला पीस आहे ताई, शंभर टक्के ओरिजिनल’ असं लिहिलं होतं. पुण्याला आणायला टेम्पोचे १,८०० रुपये लागले.

तीन आठवड्यांनी चावी नीट बसेना म्हणून ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर काकांना घरी बोलावलं. त्यांनी चकती काढली, वरची फळी उचलली, आत एकदा बघितलं आणि फळी परत ठेवून दिली. म्हणाले, “यंत्राला काही झालेलं नाही. पण तुम्हाला हा १९१२चा म्हणून दिलाय का?”

पत्रात सगळ्यात वजनदार काय असतं?

दुकानदाराचे स्वतःचे शब्द. पहिल्या खेपेला हे कोणाच्याच लक्षात येत नाही. वस्तू खोटी आहे हे सिद्ध करण्यावर सगळा जोर जातो आणि ती काय म्हणून विकली गेली हे पत्रात एका ओळीत उरकलं जातं.

पण नवी वस्तू विकणं हा गुन्हा नाही. अशा भोंगेवाल्या ग्रामोफोनांच्या प्रतिकृती आपल्याकडे उघडपणे बनतात आणि शोभेची वस्तू म्हणून प्रामाणिकपणे विकल्याही जातात. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात अगदी तसलाच ‘डेकोरेशन पीस’ मला नऊ हजारांना सांगितला होता. त्या दुकानदाराने काहीच चूक केलेली नव्हती. माझ्या दुकानदाराची चूक ‘ओरिजिनल, १९१२’ या दोन शब्दांत होती. वस्तू विक्री कायदा, १९३०च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाला उतरली पाहिजे. ग्राहकाने ती आधी डोळ्यांनी पाहिली असली तरीही ही अट सुटत नाही.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी वस्तूकडे नंतर बघा, आधी बिल काढा. त्यावर फक्त ‘ग्रामोफोन १ नग’ असं असेल, तर मेसेज, दुकानाच्या पानावरची जाहिरात, वस्तूला अडकवलेली चिठ्ठी, जे मिळेल ते शोधा. मेसेजचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ संभाषण फोनमध्येच राहू द्या. प्रकरण पुढे गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागू शकतं, आणि ते मूळ फोन हाती असतानाच नीट देता येतं.

नवा आहे हे कशावरून ठरवायचं?

मला यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

जुन्या यंत्राचे सुटे भाग बदललेले असणं स्वाभाविक आहे. शंभर वर्षांत सुई धरून आवाज काढणारा साउंडबॉक्स बदलतो, स्प्रिंग तुटते, भोंगा पोचे पडून टाकला जातो. त्यामुळे ‘हा भाग नंतरचा आहे’ एवढंच लिहिलंत तर दुकानदार शांतपणे सांगेल, ‘हो, तो बदललेला असणार, बाकी मशीन जुनंच आहे.’ आणि त्याचं म्हणणं खरंही असू शकतं. बदलत नाही ती पेटी. पेटी नवी असेल तर यंत्र जुनं ठरूच शकत नाही. म्हणून पुरावा पेटीपासून सुरू करायचा.

काकांनी मला पेटीच्या तळाला हात लावायला सांगितलं. मोटरची स्प्रिंग एका गोल डब्यात असते आणि त्यात ग्रॅफाइट घातलेलं ग्रीस भरलेलं असतं. वर्षानुवर्षं चावी दिली की ते थोडं थोडं झिरपतं आणि तळाच्या लाकडात काळे, तेलकट डाग मुरतात. माझ्या पेटीतली मोटर जुनी होती, ग्रीसने माखलेली होती, पण तिच्या बरोबर खालचं लाकूड कोरं होतं. बोट फिरवलं तर कापलेल्या लाकडाची कुसळं लागली. बाहेरून गडद पॉलिश आणि आतून पांढरट लाकूड. ती मोटर त्या पेटीवर कधी काळ घालवून बसलेलीच नव्हती.

दुसरी गोष्ट स्क्रूंची. माझ्या यंत्रातले सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे होते, ज्यांना आपले मिस्त्री स्टार स्क्रू म्हणतात. हे फिलिप्स पद्धतीचे स्क्रू कारखान्यांत वापरात आले ते १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर. १९१२च्या यंत्रात एक-दोन असते तर कोणीतरी दुरुस्तीत घातले असं म्हणता आलं असतं. इथे सगळेच तसे होते आणि आजूबाजूला आधीच्या स्क्रूचं एकही बुजवलेलं भोक नव्हतं. म्हणजे या लाकडात पहिल्यांदा शिरलेला स्क्रूच स्टार होता.

तिसरी गोष्ट साउंडबॉक्सची. त्यावर ‘5B’ अशी खूण होती. हा साउंडबॉक्स एचएमव्हीच्या १०२ या पोर्टेबल, म्हणजे सुटकेससारख्या पेटी-ग्रामोफोनवर यायचा आणि ते मॉडेल १९३१ सालचं. मोटरही तशाच पोर्टेबलमधून काढलेली होती, हे काकांनी बघताक्षणी ओळखलं. आजच्या प्रतिकृती बऱ्याचदा अशाच होतात. मोडीत निघालेल्या पोर्टेबलचं आतडं काढायचं, नव्या पेटीत बसवायचं आणि वर नवा भोंगा चढवायचा. त्यामुळे यंत्र खरोखर वाजतं, आणि ‘वाजतंय ना, मग?’ असं म्हणायला दुकानदार मोकळा राहतो.

पितळी भोंगा म्हणजे खोटा, असं म्हणतात ते खरं का?

प्रतिकृतींचा भोंगा बहुधा पातळ, आरशासारखा चकाकणारा पितळी असतो, आणि जुने पाकळ्यांचे भोंगे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे असत. पण अगदी सुरुवातीच्या काही यंत्रांवर पितळी भोंगेही होते. नुसत्या पितळावरून पत्र लिहिलंत तर तेवढ्या एका अपवादावर तुमचं सगळं म्हणणं सैल पडेल.

कुत्र्याच्या चित्राचंही तसंच. भिंगाखाली त्यात आजच्या छपाईचे एकसारखे, रांगेतले ठिपके दिसले तर चित्र नवं आहे हे नक्की. पण खऱ्या जुन्या यंत्रालाही दुरुस्तीनंतर नवं चित्र लावतात. या दोन्ही गोष्टी मला संशय घ्यायला पुरल्या असत्या. पत्रात मी त्या घातल्या नाहीत.

तज्ज्ञाचं लेखी मत लागतंच का?

लागतं, पण त्यासाठी मोठ्या शिक्क्याची गरज नसते. काकांनी एका पानावर स्वतःचा अनुभव किती वर्षांचा, यंत्र कोणत्या तारखेला कुठे पाहिलं, काय काय उघडलं आणि काय दिसलं हे लिहून सही केली. त्याचे त्यांनी १,५०० रुपये घेतले. मी त्यांना ‘हे खोटं आहे’ असं लिहू नका म्हणून विनंती केली. ‘पेटी, स्क्रू आणि जोडणी १९१२च्या काळाशी जुळत नाहीत, यंत्र अलीकडे जुळवलेलं आहे’ एवढंच त्यांनी लिहिलं. दुकानदाराच्या मनात काय होतं हे यंत्र उघडून कळत नाही. ते तज्ज्ञाने लिहिलं की त्याच्या बाकीच्या मतावरही शंका घेतली जाते.

ज्याच्याकडे असलंच यंत्र विकायला आहे अशा माणसाचं मत घेऊ नका. दुसऱ्या दुकानदाराचं मत पहिल्याला धंद्यातली खुन्नस वाटते. संग्राहक चालतील, दुरुस्ती करणारे चालतील. मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या वर्तुळातले लोक प्रामुख्याने तबकड्यांचे असले, तरी यंत्र जाणणारा माणूस कुठे भेटेल हे त्यांना बहुधा माहीत असतं.

पत्रात ‘तुम्ही मला फसवलं’ असं लिहावं का?

पहिल्या पत्रात नको. हे ऐकायला फार जड जातं, मला ठाऊक आहे. मीही रागाने लिहिलेलं पहिलं पत्र फाडलं.

कारण साधं आहे. फसवणूक म्हटली की दुकानदाराला खरं माहीत होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पैसे परत मिळायला त्याची गरज नाही. करार कायदा, १८७२च्या कलम १८ प्रमाणे स्वतःचा विश्वास बसलेला असताना केलेलं चुकीचं विधानही चुकीचंच धरलं जातं, आणि कलम १९ प्रमाणे त्यावर आधारलेला करार ग्राहकाला रद्द करता येतो. जुन्या वस्तूंच्या धंद्यात माल चार हातांतून येतो आणि दुकानदार स्वतः फसलेला असण्याची शक्यता खरी असते. त्याला मान सोडून माघार घ्यावी लागणार नाही अशी वाट ठेवली, तर तो ती वाट घेतो. तुम्ही त्याला चोर म्हटलंत की पुढचं बोलणं तुमच्या ग्रामोफोनाचं राहत नाही, त्याच्या इभ्रतीचं होतं.

मात्र कलम १९ला एक अपवाद आहे, आणि पत्र लिहिताना तो डोक्यात ठेवा. साधी काळजी घेऊन ग्राहकाला खरं कळू शकलं असतं, तर चुकीच्या विधानावरून करार रद्द करता येत नाही. म्हणून पत्रात हे स्पष्ट लिहायचं की पेटीच्या आतले दोष फळीखाली होते, फळी स्क्रूने बंद होती, आणि दुकानात उभं राहून ते दिसणं शक्य नव्हतं. माझ्या पत्रातलं ते एक वाक्य एका वकील मैत्रिणीने सुचवलं होतं.

पत्राचा मजकूर देता का?

हा माझा. नावं आणि पत्ते काढले आहेत.

दिनांक : ११ मार्च २०२५

प्रति,
मालक, ________ (दुकानाचे नाव व पत्ता)

विषय : ९ फेब्रुवारी २०२५ रोजी खरेदी केलेला ग्रामोफोन वर्णनाप्रमाणे नसल्याने रक्कम परत मिळणेबाबत. बिल क्र. ____

महोदय,

वरील तारखेस मी आपल्या दुकानातून एक ग्रामोफोन रु. ४२,०००/- देऊन खरेदी केला. आपण दिलेल्या बिलावर त्याचे वर्णन ‘एचएमव्ही ग्रामोफोन, ओरिजिनल, १९१२, चालू स्थितीत’ असे आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या आपल्या संदेशातही ‘ब्रिटिश काळातला पीस, शंभर टक्के ओरिजिनल’ असे आपण कळवले होते. या वर्णनावर विसंबूनच मी ही रक्कम दिली.

२ मार्च २०२५ रोजी दुरुस्तीसाठी यंत्राची फळी प्रथमच उघडली असता पुढील बाबी आढळल्या. पेटीच्या आतील लाकूड नवे असून मोटरखाली ग्रीसचा कोणताही जुना डाग नाही. पेटीतील सर्व स्क्रू फुलीच्या खाचेचे असून आधीच्या स्क्रूंची भोके नाहीत. असे स्क्रू १९१२ मध्ये वापरात नव्हते. साउंडबॉक्स 5B या प्रकारचा असून तो १९३१ नंतरच्या पोर्टेबल यंत्राचा आहे. यावरून हे यंत्र अलीकडे जुळवलेले आहे, असे जाणकारांचे लेखी मत आहे. ते व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. यांपैकी पेटीच्या आतील बाबी स्क्रूने बंद केलेल्या फळीखाली असल्याने खरेदीच्या वेळी मला दिसणे शक्य नव्हते.

हे यंत्र आपणही मूळ समजूनच विकले असेल, असे मी मानते. तथापि ते दिलेल्या वर्णनाप्रमाणे नाही. त्यामुळे मी हा व्यवहार रद्द करीत असून यंत्र परत करण्यास तयार आहे. ते खरेदीच्या वेळी होते त्याच स्थितीत आहे. त्यात कोणताही बदल किंवा दुरुस्ती केलेली नाही.

कृपया हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत रु. ४२,०००/-, वाहतुकीचे रु. १,८००/- व तपासणीचे रु. १,५००/- असे एकूण रु. ४५,३००/- मला परत द्यावेत आणि यंत्र नेण्याची तारीख कळवावी. आपण पाठवलेल्या जाणकाराला माझ्या घरी, माझ्या समक्ष यंत्र तपासता येईल.

या मुदतीत रक्कम न मिळाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपली विश्वासू,
________

सोबत : बिलाची प्रत, संदेशाची प्रत, जाणकाराचे मत, छायाचित्रे ८

एवढं लहान पत्र पुरतं? मला अजून बरंच सांगायचंय.

पुरतं. वडिलांच्या तबकड्यांबद्दल मलाही लिहावंसं वाटलं होतं. पण दुकानदाराने हे पत्र कुठल्याही वकिलाला दाखवलं तर त्याला एका पानात पाच गोष्टी सापडल्या पाहिजेत. तुम्ही काय म्हणालात, काय निघालं, मला आधी का दिसलं नाही, वस्तू परत देते, आणि इतके पैसे इतक्या दिवसांत द्या. मधलं काहीही त्याला वाद घालायला जागा देतं.

‘त्याच स्थितीत आहे’ या वाक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ते लिहिता यावं म्हणून मी फळी उघडल्यापासून यंत्राला हात लावला नाही. चावी नीट बसत नव्हती ती तशीच ठेवली. यंत्र विकायला काढणं, पॉलिश करणं, ‘निदान चालू तरी करून घेऊ’ म्हणून भाग बदलणं, यातलं काहीही केलंत की तुम्ही ती वस्तू आपली म्हणून स्वीकारली असं म्हणता येतं. मग व्यवहार रद्द करण्याचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई मागण्याचा उरतो. जास्त काळ गप्प बसलात तरी तेच होऊ शकतं.

पत्र कसं पाठवायचं?

पोचल्याची नोंद राहील असं, पोस्टाने. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात मिसळली, तेव्हा आता खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकिटासकट तोच तुमचा पुरावा असतो.

मूळ बिल पत्रासोबत कधीच जोडायचं नाही. दुकानात ‘दाखवायला’ सुद्धा देऊ नका.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. मग संपलंच ना?

नाही. माझ्याही बिलावर ते होतं. मन बदललं म्हणून कोणी माल परत आणला तर त्याला ते वाक्य दाखवता येतं. वर्णन एक आणि वस्तू दुसरी असेल तर ते तुमच्या आड येत नाही. २०१९च्या ग्राहक कायद्यात तर सदोष माल विकल्यावर तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, असं त्यात आहे. मी ३० दिवसांच्या अगदी टोकाला, ११ मार्चला पत्र टाकलं ते म्हणूनच. तुमचे ३० दिवस उलटून गेले असले तरी वर्णनाचा मुद्दा शिल्लक राहतो, घाबरून सोडून देऊ नका.

दुकानदार काय काय म्हणतो?

सहा दिवसांनी फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण तासाभरात त्यांनी चार वाटा काढून पाहिल्या. त्या बहुतेकांना भेटतात, म्हणून सांगते.

आधी म्हणाले, “ताई, मी पण एका मोठ्या घरातून असाच उचलला.” मी म्हटलं, मला ते पटतंय आणि पत्रातही मी तसंच लिहिलंय. ज्यांनी तुम्हाला दिला त्यांच्याकडून तुम्ही घ्या, मला मात्र तुम्ही विकलाय.

मग, “घरी नेल्यावर कोणीतरी आतला माल बदलला असेल.” या एका वाक्यासाठी खरेदीच्या दिवसाचे फोटो लागतात. माझं नशीब, दुकानातच काढलेल्या व्हिडिओत चकतीशेजारचे स्टार स्क्रू स्पष्ट दिसत होते. जुनी वस्तू घेताना दुकानातून निघण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खालून सुद्धा.

त्यानंतर, “दुसरा पीस घेऊन जा, त्याहून भारी.” ही वाट मोहाची असते. पण ज्याच्या ‘ओरिजिनल’ या शब्दावरून वाद चालू आहे, त्याच्याच शब्दावर दुसरी वस्तू घेण्यात अर्थ नव्हता. आणि बदली वस्तू घेतलीत की पहिला व्यवहार मिटला.

शेवटी, “निम्मे देतो, मशीन तुम्हीच ठेवा.” याचा मी खरंच विचार केला. २१,००० परत आले असते तरी नऊ हजारांची वस्तू मला एकवीस हजारांना पडली असती. नको म्हटलं. तुमच्या वस्तूचा हिशोब वेगळा असेल तर हा सौदा वाईट नाही. मात्र मग ‘अंतिम तडजोड’ असं लिहून सह्या घ्या, हप्त्यांनी घेऊ नका.

१५ दिवस उलटले आणि काहीच आलं नाही तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवली की दुकानदाराशी संपर्क केला जातो, पण पैसे द्यायला हेल्पलाइन भाग पाडू शकत नाही. भाग पाडू शकतो तो जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सगळ्यात उपयोगी तरतूद म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान मुंबईत असलं तरी मी पुण्यात करू शकले असते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. निकालाला मात्र वेळ लागतो, म्हणून पत्रावरच मिटलं तर बरं.

मी विकण्यासाठी घेतली होती. किंवा दुकानातून नाही, एका घरगुती माणसाकडून घेतली. तरी चालेल?

पुन्हा विकायला घेतली असेल तर ग्राहक आयोगाच्या दृष्टीने तुम्ही ग्राहक नाही. घरातली एखादी वस्तू विकणारा माणूसही सहसा व्यापारी ठरत नाही. दोन्ही वेळा पत्र जवळजवळ हेच राहील, करार आणि वस्तू विक्री हे दोन्ही कायदे तिथेही लागू आहेत. फक्त शेवटच्या ओळीत ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालय येईल.

पैसे मिळताना काय काळजी घ्यायची?

२९ मार्चला त्यांनी ४३,८०० रुपये द्यायची तयारी दाखवली, म्हणजे किंमत आणि टेम्पो. तपासणीचे १,५०० मी सोडले. आधी मशीन पाठवा, मग पैसे टाकतो, याला मी नकार दिला. ५ एप्रिलला त्यांचा माणूस पुण्याला आला. आम्ही दोघांनी मिळून यंत्र उघडून पाहिलं, फोटो काढले, खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला आणि मगच भोंगा काढून त्याच्या हाती दिला.

पावती दोन प्रतींत केली. त्यात रक्कम, तारीख, ‘आता परस्परांकडे काही येणं नाही’ हे वाक्य, आणि माझ्या आग्रहाने आणखी एक ओळ घातली, ‘सदर यंत्र आधुनिक प्रतिकृती म्हणून परत स्वीकारले.’ त्या माणसाने मालकांना फोन लावून विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “लिहून दे.” यंत्र पुन्हा त्याच काचेमागे जाणार होतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते १९१२चं म्हणून सांगितलं गेलं, तर सांगणाऱ्याच्याच सहीचा एक कागद माझ्याकडे आहे.